'जेपेग नको, टिफ द्या': हस्तलिखितांच्या स्कॅनसाठी संशोधक एवढे हट्ट का करतात?

व्हॉट्सॲपवर लग्नाचे फोटो मागवताना एक वाक्य हमखास येतं, "डॉक्युमेंट म्हणून पाठव रे, क्वालिटी जाते." फोटो साधा पाठवला की ॲप त्याला दाबून लहान करतं आणि मोठा करून बघितलं की चेहरे चिखल होतात, हे आता सगळ्यांना माहीत झालंय.

हीच मागणी एखादा इतिहास संशोधक जेव्हा दप्तरखान्याला लेखी करतो, तेव्हा मामला जरा गंभीर असतो. कारण तिकडे फोटोत चेहरा नसतो, अडीचशे वर्षांपूर्वीच्या कागदावर बोरूने लिहिलेला मोडी मजकूर असतो. त्यातलं एक अक्षर पुसट झालं तर अख्खी घटना वीस वर्षं पुढे किंवा मागे सरकू शकते. दुसऱ्या बाजूला ज्या कागदाचा स्कॅन हवा आहे, तो कागद पुन्हा उघडताना घडीवर तुटूही शकतो.

म्हणूनच हे पत्र दिसायला साधं असलं तरी त्यातली प्रत्येक ओळ समजून घेण्यासारखी आहे. चला, एक नमुन्याचं पत्र घेऊ आणि ते उलगडून बघू.

पत्र साधारण असं असतं

*मा. अभिलेखपाल यांस,*
*स.न.वि.वि.*
*मी उत्तर पेशवाईतील महसुली व्यवस्थेवर संशोधन करत आहे. आपल्या संग्रहातील एका रुमालातील मोडी कागदांच्या प्रती मला मिळाल्या आहेत, परंतु त्या जेपेग स्वरूपात असून मोठ्या केल्यावर अक्षरे फुटतात. काही ठिकाणी सन व आकडे निश्चित वाचता येत नाहीत. तरी सदर कागदांचे किमान ६०० डीपीआयचे, रंगीत, अनकंप्रेस्ड टिफ स्कॅन मिळावेत, ही विनंती.*

बघायला गेलं तर चार ओळींची मागणी आहे. पण हे पत्र ज्या टेबलावर जातं, तिथल्या माणसाला यातून किमान चार प्रश्न पडतात. ६०० च का? रंगीत कशाला? अनकंप्रेस्ड म्हणजे नक्की काय? आणि सगळ्यात मोठा प्रश्न, म्हणजे हे कागद आता परत बाहेर काढायचे का?

आधी हे कागद कसे असतात ते बघू

पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तर आहे. भारत इतिहास संशोधक मंडळात, तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात आणि इतर अनेक संग्रहांत मोडी कागद आहेत. पेशवे दफ्तरातले कागद कापडात बांधून ठेवलेले असतात. या गाठोड्याला 'रुमाल' म्हणतात. एकेका रुमालात शेकडो कागद असू शकतात.

यातला छापून आलेला भाग खूप थोडा आहे. गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दफ्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड काढले. पण ते निवडकच. ज्याला एखाद्या परगण्याचा वसूल, एखाद्या गावचा तंटा किंवा एखाद्या किल्ल्याचा खर्च शोधायचा आहे, त्याला मूळ कागदापर्यंत जावंच लागतं.

मोडी लिपी भरभर लिहिण्यासाठी वापरली जायची. ओळीभर शिरोरेषा आधी आखायची आणि मग हात कमीत कमी उचलत अक्षरं जोडत जायची, अशी पद्धत. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळलेला नसतो, दोन शब्दांमध्ये जागाही सोडलेली नसते. त्यामुळे वाचणारा माणूस अक्षराच्या वळणावर आणि संदर्भावर विसंबून असतो. वळण गेलं की उरतो फक्त अंदाज.

एका अक्षराने काय बिघडतं? हे उदाहरण बघा

पेशवेकालीन कागदांवर तारीख बऱ्याचदा अरबी शुहूर सनात असते. हा सन आकड्यात न लिहिता शब्दांत लिहितात आणि एककापासून सुरू करून हजारापर्यंत जातात. उदाहरणार्थ, 'खमस सबैन मया व अलफ'. खमस म्हणजे पाच, सबैन म्हणजे सत्तर, मया म्हणजे शंभर आणि अलफ म्हणजे हजार. बेरीज झाली ११७५.

हे वर्ष मृग नक्षत्राच्या सुमारास, म्हणजे जूनच्या सुरुवातीला बदलतं. इसवी सन काढायचा तर जून ते डिसेंबरसाठी ५९९ आणि पुढच्या जानेवारी ते मेसाठी ६०० मिळवायचे. म्हणजे आपलं उत्तर येतं १७७४-७५.

आता गंमत बघा. चाळीसला अर्बैन, पन्नासला खमसैन, साठला सितैन, सत्तरला सबैन आणि नव्वदला तिसैन. या सगळ्या शब्दांचं शेपूट सारखंच आहे. फरक आहे तो फक्त सुरुवातीच्या एक-दोन अक्षरांत. समजा नेमकी तीच अक्षरं घडीवर आली, शाई झिजली आणि 'सबैन' आहे की 'तिसैन' हे कळेना.

'खमस सबैन' वाचलं तर कागद १७७४-७५ चा. म्हणजे सवाई माधवराव तान्हं बाळ आहेत, बारभाईंचा कारभार आहे आणि रघुनाथराव मार्च १७७५ मध्ये इंग्रजांशी सुरतेचा तह करतायत. 'खमस तिसैन' वाचलं तर तोच कागद १७९४-९५ चा. म्हणजे सवाई माधवराव वीस वर्षांचे झालेत आणि मार्च १७९५ मध्ये खर्ड्याची लढाई होतेय. कागदात 'स्वारीचा खर्च' असा उल्लेख असेल, तर ती स्वारी कुठली, हे या दोन अक्षरांवर ठरणार.

संशोधकाच्या पत्रात 'सन व आकडे निश्चित वाचता येत नाहीत' असं जे वाक्य आहे, त्याचा खरा अर्थ हा असतो.

६०० डीपीआय हा आकडा येतो कुठून?

रिझोल्यूशन म्हणजे कागदाच्या एका इंच लांबीत स्कॅनर किती ठिपके टिपतो, त्याचा हिशोब. स्क्रीनवरच्या ठिपक्याला पिक्सेल म्हणतात, म्हणून काटेकोर शब्द पीपीआय असा आहे. बोलताना सगळे डीपीआयच म्हणतात.

किती हवं, हे कागदाच्या आकारावर ठरत नाही. ते ठरतं सगळ्यात बारीक रेघेवर. समजा बोरूची सगळ्यात बारीक रेघ ०.३ मिलिमीटर जाड आहे. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. म्हणजे १५० पीपीआयवर एक पिक्सेल सुमारे ०.१७ मिलिमीटरचा होतो आणि आपल्या रेघेला जेमतेम दोन पिक्सेल मिळतात. दोन पिक्सेलमध्ये रेघ आहे एवढंच कळतं, ती कुठे वळली आणि कुठे तुटली हे कळत नाही.

३०० वर त्याच रेघेला साडेतीन पिक्सेल मिळतात, ४०० वर जवळपास पाच आणि ६०० वर सात. पाच पिक्सेल मिळाले की रेघेचा कडेचा भाग आणि मधला भाग वेगळा दिसायला लागतो. एक रेघ दुसरीवरून गेली आहे की दोन्ही नुसत्या चिकटल्या आहेत, हेही सांगता येतं.

म्हणजे साध्या मोडी मजकुरासाठी ४०० बहुतेक वेळा पुरतं. ६०० लागतं ते अगदी बारीक अक्षरासाठी, समासातल्या टिपांसाठी किंवा शिक्क्यासाठी. त्यामुळे सरसकट अख्ख्या रुमालाला ६०० मागणारं पत्र वाचून अभिलेखपालांच्या कपाळावर आठी येते, ती उगाच नाही.

आता मुख्य मुद्दा: जेपेग नक्की काय खातं?

जेपेग हा प्रकार फोटोंसाठी बनवला गेला. त्याचं काम एकच, डोळ्याला सहज जाणवणार नाही अशी माहिती काढून टाकायची आणि फाइल लहान करायची. यासाठी ते दोन गोष्टी करतं.

पहिली म्हणजे ते चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन पाडतं आणि प्रत्येक चौकोनातले अगदी बारीक चढउतार कमी करतं. आकाश किंवा गाल यांसारख्या सलग भागात हे कळत नाही. पण पांढरट कागदावर काळी रेघ म्हणजे अचानक चढउतारच. तिथे काटछाट झाली की रेघेभोवती धुरकट सावली उमटते. दोन रेघा जवळजवळ असतील तर मधली मोकळी जागा भरून निघते आणि मोडीत तर अक्षराची गाठ उघडी की बंद, यावर अक्षर बदलू शकतं.

दुसरी म्हणजे ते उजेड-अंधाराची माहिती आणि रंगाची माहिती वेगळी करतं. मग बऱ्याचदा चार पिक्सेलना मिळून एकच रंग ठेवतं. आता तुम्ही म्हणाल, मोडी कागदात रंग असतो कुठे? असतो ना. कागद पिवळट, डाग तपकिरी, पाठीमागच्या बाजूची शाई पुढे झिरपली तर ती करडी आणि समोरची शाई काळी. वाचणाऱ्याला पुढची शाई कोणती आणि मागची कोणती हे ओळखायला बऱ्याचदा या छटेचाच आधार असतो. पत्रात 'रंगीत' हा शब्द यासाठी असतो. पानं नटवण्यासाठी नव्हे.

मग जेपेग स्क्रीनवर बघताना तर चांगलं दिसतं, ते कसं? कारण आपण ते आहे तसं बघतो. संशोधक तसं बघत नाही. पुसट ओळ वाचण्यासाठी तो सॉफ्टवेअरमध्ये कॉन्ट्रास्ट ताणतो. म्हणजे शाई आणि कागद यांच्यातला अगदी थोडा फरक वाढवून मोठा करतो. असं केलं की जेपेगने लपवलेले आठ बाय आठचे चौकोनही तेवढ्याच जोराने वर येतात. मग समोर दिसणारी काळी रेघ शाईची आहे की कंप्रेशनची, हे सांगणं अवघड होऊन बसतं.

कंप्रेशन आकडेही बदलतं? हो, हे घडलंय

२०१३ मध्ये डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने एक प्रकार उघडकीस आणला. झेरॉक्स कंपनीच्या काही मशीनवर घराचा नकाशा स्कॅन केला, तर वेगवेगळ्या क्षेत्रफळाच्या खोल्यांवर स्कॅनमध्ये एकच आकडा छापून येत होता. इतर कागदांत ६ चा ८ होत होता.

कारण होतं जेबिग-२ नावाची कंप्रेशनची पद्धत. ही पद्धत पानावरचे सारखे दिसणारे तुकडे शोधते आणि एकच तुकडा सगळीकडे चिकटवते. दोन तुकडे 'पुरेसे सारखे' वाटले की झालं. यात सगळ्यात धोकादायक गोष्ट ही की आकडा पुसट दिसत नाही, तो स्वच्छ आणि ठसठशीत दिसतो. फक्त चुकीचा असतो. कंपनीला नंतर त्यासाठी सॉफ्टवेअर दुरुस्ती द्यावी लागली.

एक लक्षात घ्या, साधं जेपेग असं करत नाही. ते अक्षर फोडतं, बदलून दुसरं ठेवत नाही. पण काळ्या-पांढऱ्या स्कॅनच्या पीडीएफमध्ये जेबिग-२ वापरलं जाऊ शकतं. त्यामुळे पीडीएफवरून मोडी आकडे वाचताना संशोधक मूळ चित्र मागतो, ते संशयी स्वभावामुळे नव्हे.

'अनकंप्रेस्ड' हा शब्द थोडा चुकतोय

इथे पत्रात एक दुरुस्ती करता येईल. कंप्रेशन दोन प्रकारचं असतं. एका प्रकारात माहिती कायमची जाते, जसं की साधं जेपेग. दुसऱ्या प्रकारात माहिती फक्त नीट घडी घालून ठेवली जाते आणि उघडल्यावर प्रत्येक पिक्सेल जसाच्या तसा परत मिळतो. याला लॉसलेस म्हणतात. टिफ फाइलमध्ये वापरलं जाणारं एलझेडडब्ल्यू हे असंच कंप्रेशन आहे आणि झिप फाइलही याच तत्त्वावर चालते.

संशोधकाला खरं तर हवं आहे ते एकही पिक्सेल न बदललेलं चित्र. ते लॉसलेस फाइलमधूनही तंतोतंत मिळतं. म्हणून 'अनकंप्रेस्ड किंवा लॉसलेस' असं लिहिलं तर दप्तरखान्याला हात थोडा मोकळा मिळतो.

हा फरक का महत्त्वाचा, ते हिशोब केला की कळतं. ८ बाय १२ इंचांचा एक कागद घ्या. ४०० पीपीआयवर तो होतो ३,२०० गुणिले ४,८०० पिक्सेल, म्हणजे सुमारे दीड कोटी. प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा, निळा असे तीन बाइट. एक फाइल ४६ एमबीची. ६०० पीपीआयवर तीच १०४ एमबीची. रुमालात ५०० कागद आणि दोन्ही बाजू धरल्या तर हजार चित्रं. म्हणजे ४०० वर ४६ जीबी आणि ६०० वर १०४ जीबी. हे झालं एका रुमालाचं आणि एका अर्जदाराचं. आणि हे ई-मेलने जात नाही, कुणीतरी बसून हार्ड डिस्कवर कॉपी करावं लागतं.

पण खरी अडचण जागेची नाही, कागदाची आहे

जुना हातकागद चिंध्यांपासून बनायचा आणि तो तसा चिवट असतो. एकोणिसाव्या शतकातल्या बऱ्याच गिरणी कागदांपेक्षा तो चांगला टिकलाय. पण वाळवी, कसर, ओल आणि पुन्हा पुन्हा घातलेली घडी यांच्यापुढे त्याचाही नाइलाज होतो. घडीवर तंतू तुटतात. ओल लागून सुकलेले कागद एकमेकांना चिकटतात. मोडीची शाई सहसा काजळी आणि डिंकाची असते. तिचा काळा रंग उडत नाही, पण डिंक पाण्याने सुटतो आणि कागद वाकवला की शाईची खपली निघू शकते.

आता असा कागद घरच्या फ्लॅटबेड स्कॅनरवर ठेवायचा म्हणजे काय होतं, बघा. कागद पालथा घालायचा, वरून झाकण दाबायचं, मग परत उचलायचा. घडी सपाट होते, म्हणजे तुटकी कड आणखी तुटते. म्हणून नाजूक कागदांसाठी कॅमेरा वर आणि कागद खाली सुलटा, अशी मांडणी करतात. दोन्ही बाजूंनी मंद, अतिनील किरणं नसलेला उजेड असतो. बांधलेली वही असेल तर ती पूर्ण सपाट उघडत नाहीत, व्ही आकाराच्या पाळण्यात अर्धवट उघडी ठेवतात. कागद आधी जतनतज्ज्ञ बघतो. जे कागद उलगडणारच नाहीत, ते बाजूला काढून आधी दुरुस्तीला जातात.

हे सगळं एकदा करायचं असतं. दर अर्जाला करायचं नसतं. आणि दप्तरखान्याचा 'नाही' इथूनच येतो. समोरच्याने 'किमान ६०० चे स्कॅन मिळावेत' असं लिहिलं की त्याचा अर्थ 'रुमाल परत सोडा' असा घेतला जातो. मग उत्तर येतं, 'मूळ कागद नाजूक असल्याने विनंती मान्य करता येत नाही.' दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात.

मग मधला रस्ता? मास्टर फाइल

नीट पद्धतीने डिजिटायझेशन झालं असेल तर प्रत्येक कागदाच्या दोन फाइल बनलेल्या असतात. एक मोठी, न दाबलेली, जपून ठेवलेली मास्टर फाइल. आणि तिच्यावरून काढलेली लहान जेपेग, जी वाचकांना दाखवतात. संशोधकाला मिळालेली प्रत सहसा ही दुसरी असते.

म्हणजे पत्रातला पहिला प्रश्न 'स्कॅन करून द्याल का?' हा नसावा. तो 'या कागदांच्या मास्टर फाइल तुमच्याकडे आहेत का?' हा असावा. असल्या, तर कागदाला कुणी हातही लावायचा नाही, फक्त फाइल कॉपी करायची.

याला तीन उत्तरं येऊ शकतात. पहिलं, मास्टर आहेत. काम झालं. दुसरं, फक्त जेपेगच ठेवले होते. मग त्यातले सगळ्यात कमी दाबलेले, थेट कॅमेऱ्यातून आलेले जेपेग मागायचे, कारण दर वेळी नव्याने सेव्ह करताना थोडी माहिती आणखी जाते. तिसरं, स्कॅन कागदाचे नाहीतच, जुन्या मायक्रोफिल्मचे आहेत. फिल्म काळी-पांढरी असते. ती ६०० ला स्कॅन करा नाहीतर १,२०० ला, रंग परत येत नाही आणि फिल्म काढताना जे निसटलं ते निसटलंच. अशा वेळी मूळ कागद उघडण्याची मागणी खरोखर रास्त ठरते. पण तीही अख्ख्या रुमालाची नाही, अडलेल्या कागदांची.

फाइल आली, पण ती खरी आहे का?

इथे फसायला होतं. जेपेग उघडून 'सेव्ह ॲज' करून टिफ बनवता येतं. नाव टिफ, आकार ४६ एमबी, पण आतली माहिती तीच दाबलेली. हे मुद्दाम केलं जातं असं नाही, बऱ्याचदा समोरच्याला मागणीचा अर्थच 'टिफ हवंय' एवढा पोहोचलेला असतो.

तपासण्याची पहिली पायरी सोपी आहे. `ImageMagick` हे मोफत सॉफ्टवेअर संगणकावर असेल तर ही एक ओळ चालवायची:

```
identify -format "%m %wx%h %z-bit %C %x\n" 001.tif
```

उत्तरात फाइलचा प्रकार, लांबी-रुंदी, रंगाची खोली, कंप्रेशन आणि रिझोल्यूशन दिसतं. कंप्रेशनच्या जागी `None` किंवा `LZW` असेल तर ठीक. `JPEG` दिसलं तर टिफच्या पोटात जेपेगच आहे.

पण जेपेगवरून रूपांतर केलेलं टिफ या परीक्षेतून सहज पास होतं. म्हणून दुसरी पायरी डोळ्याची. चित्र ४०० टक्के मोठं करायचं, कॉन्ट्रास्ट भरपूर वाढवायचा आणि कोऱ्या समासाकडे बघायचं. खऱ्या स्कॅनमध्ये कागदाचे तंतू आणि वेडावाकडा रवाळपणा दिसतो. जेपेगवरून आलेल्यात फरशी बसवल्यासारखे चौकोन दिसतात.

तिसरी पायरी रिझोल्यूशनची. फाइलवर ६०० लिहिलंय म्हणून ते ६०० होत नाही, कारण २०० चं चित्र सॉफ्टवेअरने ताणून ६०० करता येतं. त्यासाठी चित्रात कागदाशेजारी मोजपट्टी ठेवलेली असावी लागते. पट्टीवरच्या एका इंचात ६०० पिक्सेल भरतात का, ते मोजायचं. आणि भरले तरी कागदाचे तंतू सुटे दिसतात की लोण्यासारखे गुळगुळीत, ते बघायचं. गुळगुळीत असतील तर चित्र ताणलेलं असण्याची किंवा फोकस चुकलेला असण्याची शक्यता मोठी. पट्टीसोबत रंगांचं प्रमाणित कार्ड असेल तर रंग खरे आहेत का, तेही कळतं.

आणि काही वेळा कितीही पिक्सेल पुरत नाहीत

शाईची खपलीच निघून गेली असेल तर ६०० काय आणि १,२०० काय, कोऱ्या जागेचे जास्त पिक्सेल मिळतात, बस्स. तिथे रिझोल्यूशन नाही, उजेड बदलावा लागतो.

याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे आर्किमिडीजची पोथी. दहाव्या शतकात नक्कल केलेला त्याचा मजकूर तेराव्या शतकात खरवडून काढला गेला आणि त्याच चामड्याच्या पानांवर प्रार्थना लिहिल्या गेल्या. अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या वॉल्टर्स आर्ट म्युझियममध्ये ही पोथी वेगवेगळ्या रंगांच्या आणि अतिनील उजेडात टिपली, तेव्हा खालचा मजकूर वर आला. काही पानांना क्ष-किरण वापरावे लागले. २००८ मध्ये ही सगळी चित्रं टिफ स्वरूपात लोकांसाठी खुली केली गेली. त्यामुळे पोथी न उघडता कुणीही त्यावर पुन्हा काम करू शकतं.

मोडी कागदांना यातला एक धडा थेट लागू पडतो. काजळीची शाई अवरक्त उजेडातही काळीच राहते, तर ओलीचे आणि चहासारखे तपकिरी डाग त्या उजेडात बरेच फिके होतात. म्हणजे डागाखाली दबलेली ओळ असेल तर ६०० डीपीआयऐवजी त्या एका कागदाचा अवरक्त फोटो मागणं जास्त कामाचं.

तर मग पत्र कसं असायला हवं?

आता तेच पत्र परत लिहून बघू.

*मा. अभिलेखपाल यांस,*
*स.न.वि.वि.*
*सोबतच्या यादीतील १४ कागदांचे (रुमाल व कागद क्रमांक जोडले आहेत) सन व रकमा मला मिळालेल्या जेपेग प्रतींवरून निश्चित होत नाहीत. अडलेल्या जागा छायाप्रतींवर खुणा करून जोडल्या आहेत. या कागदांच्या मूळ मास्टर फाइल आपल्याकडे असल्यास त्या कोणताही बदल न करता, टिफ अनकंप्रेस्ड किंवा लॉसलेस स्वरूपात मिळाव्यात. ४०० पीपीआय पुरेसे आहे. मास्टर उपलब्ध नसल्यास, कागद उघडण्यायोग्य आहेत की नाहीत हे आपल्या जतनतज्ज्ञांनी ठरवावे. योग्य नसल्यास मी नवीन स्कॅनचा आग्रह धरणार नाही. कागद क्रमांक ९ वर डाग असल्याने त्याचा अवरक्त फोटो शक्य आहे का, हे कळवावे. रिकामी हार्ड डिस्क मी आणून देईन. माझे वाचन पूर्ण झाल्यावर त्याची एक प्रत आपल्या संग्रहास सादर करीन.*

पहिल्या पत्रात अख्खा रुमाल होता, इथे १४ कागद आहेत. ४०० पीपीआयला दोन्ही बाजू धरून २८ चित्रं, म्हणजे सुमारे १.३ जीबी. एका साध्या पेनड्राइव्हचं काम. शिवाय कागदाला हात लावायचा की नाही, हा निर्णय ज्याच्या ताब्यात कागद आहे त्याच्याकडेच राहिला.

आणि शेवटची ओळ नुसती सौजन्याची नाही. त्या १४ कागदांपैकी एकावर 'सबैन' की 'तिसैन' हे एकदा नक्की झालं आणि ते वाचन रुमालासोबत नोंदवलं गेलं, तर पुढच्या माणसाला तो कागद उघडायला सांगण्याचं एक कारण कमी होतं.